चित्र आलं, आवाज कुठाय? : लॅपटॉप, एचडीएमआय आणि माझे सतरा दिवस

मी घरून मुलाखती टंकायचं काम करते. संशोधन करणारी मंडळी गावोगावी जाऊन लोकांशी बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं आणि मी ते शब्दन् शब्द उतरवून देते. तासाभराच्या मुलाखतीला पाच-सहा तास सहज जातात. मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत माझं टेबल बाहेरच्या खोलीत आहे आणि दुपारी सासूबाई त्याच खोलीत आडव्या होतात. त्यामुळे हेडफोनशिवाय माझं काम म्हणजे विळीशिवाय भाजी चिरणं.

३ जूनला डाव्या कानातला आवाज गेला. पिन जरा फिरवली की यायचा, बोट काढलं की पुन्हा गप्प. आधी वाटलं हेडफोनच गेला. तो नवऱ्याच्या जुन्या फोनला लावून पाहिला तर दोन्ही कान ठणठणीत. म्हणजे लॅपटॉपचा जॅक सैल झालेला. ही अदलाबदल करून पाहायला दोन मिनिटं लागतात, पण मी त्याआधी अर्धा दिवस हेडफोनच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळण्यात घालवला होता.

५ जूनला ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. टोकन, फॉर्म, सीरियल नंबर, बिलाची प्रत. फॉर्मवर लॅपटॉपच्या पासवर्डसाठीही रकाना होता, तो मी कोरा ठेवला. समोरच्या मुलानं खुणेनं ‘भरा ना’ म्हटलं, मी खुणेनंच ‘नाही’ म्हटलं. तपासणीचे ५०० आणि त्यावर जीएसटी मिळून ५९० रुपये भरले. तीन दिवसांनी फोन आला : जॅक सुटा मिळत नाही, तो ज्या छोट्या बोर्डावर आहे तो अख्खा बदलायचा, ४,१३० रुपये, पार्ट यायला दहा-बारा दिवस, तोवर लॅपटॉप इथेच. माझी फाइल २५ तारखेला द्यायची होती. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगून टाकते. तुम्हाला फक्त हेडफोन चालू करायचा असेल तर दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर घ्या आणि पुढचं वाचू नका. माझ्या लॅपटॉपला यूएसबीची दोनच भोकं आहेत. एकात रेकॉर्डिंग मागे-पुढे करायचं पायाचं पेडल, दुसऱ्यात माऊस. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि पेडल दाबून दाबून ऐकणाऱ्याला ते फार जाणवतं. शिवाय चौदा इंची पडद्याकडे वाकून वाकून मान धरलेली. मोठा मॉनिटर घ्यायचाच होता. भाचा फोनवर म्हणाला, “अगं मावशी, मग मॉनिटरलाच हेडफोन लाव की. एचडीएमआयमधून आवाज जातोच.”

त्याच्याकडे एक जुना मॉनिटर धूळ खात पडला होता. १० जूनला तो डोंबिवलीहून रिक्षा-ट्रेन-रिक्षा करत माझ्याकडे आला. मॉनिटरला एचडीएमआयचं भोक नव्हतं, डीव्हीआयचं होतं. म्हणून मी जवळच्या दुकानातून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआय असलेली केबल आणली, २८० रुपये. चित्र झक्क आलं. मॉनिटरच्या मागे हेडफोनच्या मापाचं गोल भोकही होतं. त्यात पिन घातली. शुकशुकाट.

रात्री मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मॉनिटरच्या मागे वाकले. काळ्या प्लास्टिकवर काळ्याच उठावाची अक्षरं. सरळ उजेडात काहीच दिसत नाही, टॉर्च तिरका धरला की सावली पडते आणि मग वाचता येतं. त्या भोकाशेजारी लिहिलं होतं `AUDIO IN`. म्हणजे ते भोक आवाज बाहेर द्यायचं नव्हतंच, आत घ्यायचं होतं. जुन्या काळी व्हीजीए किंवा डीव्हीआयनं फक्त चित्र यायचं, म्हणून कॉम्प्युटरच्या हेडफोन जॅकमधून वेगळी वायर काढून या भोकात घालायची, की मॉनिटरचे स्पीकर वाजायचे. आणि कॉम्प्युटरचा हेडफोन जॅक हीच तर माझी मोडलेली वस्तू.

डीव्हीआयचं मानक १९९९ सालचं. त्यात आवाजाला जागाच ठेवलेली नाही. एचडीएमआय २००२ मध्ये आलं आणि त्यानं चित्राबरोबर आवाजही त्याच तारांमधून पाठवायची सोय केली. माझ्या केबलचं एक टोक एचडीएमआय असून उपयोग नव्हता. दुसऱ्या टोकाला बसलेल्या जुन्या मॉनिटरला आवाज कशाशी खातात ते माहीत नव्हतं. केबल दुकानदारानं परत घेतली नाही. पाकीट फोडलं होतं.

१४ जूनला, शनिवारी, लॅमिंग्टन रोडला गेले. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कुणालाही ‘लॅमिंग्टन’ म्हटलं की पुरतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.) दोन दुकानं फिरल्यावर कळलं की खोक्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. काही मॉनिटरना स्पीकर असतात, काहींना फक्त हेडफोनचं भोक असतं, काहींना दोन्ही नसतं, आणि दिसायला सगळे सारखेच. मी प्रत्येक ठिकाणी मांडलेला पीस उलटा करून दाखवायला लावला. हेडफोनचं छोटं चित्र भोकाशेजारी असेल तर ते माझं भोक. `AUDIO IN` लिहिलं असेल तर ते नव्हे. शेवटी घेतलेल्या मॉनिटरला दोन्ही भोकं शेजारी शेजारी आहेत आणि आत दोन-दोन वॉटचे स्पीकरही. चोवीस इंची, ८,४०० रुपये.

बिल करताना काउंटरवरचे काका म्हणाले, “ताई, खोक्यातली केबल साधी आहे. आवाज पायजे तर ही साउंडवाली घ्या, सहाशेची.” एका केबलनं आधीच फसले होते, म्हणून दुकानाबाहेर येऊन भाच्याला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून लिहिते. पडद्यावरचं चित्र ओळीओळीनं रंगवलं जातं. एक ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधी, आणि एक अख्खं चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधी, क्षणभर रिकामी जागा राहते. एचडीएमआय त्या रिकाम्या जागेत आवाजाची पुडकी कोंबून पाठवतं. आवाजासाठी वेगळी तार नसतेच. त्यामुळे ज्या केबलमधून नीट चित्र येतं त्याच केबलमधून आवाजही येतो. ‘साउंडवाली’ एचडीएमआय केबल असा वेगळा प्रकार नाही. मी सहाशे रुपये वाचवले. बिलावर मॉनिटरचा सीरियल नंबर आणि दुकानाचा शिक्का मात्र मागून घेतला. वॉरंटीसाठी हे दोन्ही लागतं, आणि नंतर खरंच लागलं.

मॉनिटरचं खोकं घेऊन दुपारच्या लोकलनं दादरला गाडी बदलली. लेडीज डब्यात एका बाईंनी विचारलं, “टीव्ही का?” मी हो म्हटलं.

घरी लावला. चित्र आलं. हेडफोनचं चित्र असलेल्या भोकात पिन घातली, मुलाखत लावली, आणि आवाज खोलीभर लॅपटॉपच्या स्पीकरमधून घुमला. सासूबाई दचकून उठल्या.

१५ तारीख मी वाया घालवली. केबल काढून उलटी लावली, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, मॉनिटरच्या खालची बटणं दिसतील तशी दाबली. (ही बटणं पुढे मलाच भोवली.) माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. `Settings` मध्ये `System`, त्यात `Sound`, तिथे सगळ्यात वर आवाज कुठे पाठवायचा याची यादी असते. त्या यादीत एकच नाव : `Speakers (Realtek(R) Audio)`. हे लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर. मॉनिटरचा मागमूस नाही. जे यादीतच नाही ते निवडणार कसं?

१६ जूनला मॉनिटरच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. भाषा निवडा, एक दाबा, चार दाबा, वीस मिनिटं संगीत. गंमत म्हणजे ते संगीत मात्र स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि सांगितलं की मागच्या स्टिकरचा फोटो, शिक्क्याच्या बिलाचा फोटो आणि ‘प्रॉब्लेम दिसेल असा’ व्हिडिओ पाठवा. आवाज येत नाही याचा व्हिडिओ कसा काढतात ते मी विचारलं. “मॅडम, शांतता रेकॉर्ड होईल ना,” असं उत्तर आलं. तीन ते पाच कामकाजाच्या दिवसांत इंजिनिअर येईल, म्हणाले.

१७ ला रात्री भाचा कामावरून आल्यावर आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. त्यानं आधी प्रश्न मांडून दिला, आणि तिथून मला वाट दिसायला लागली. मॉनिटर जोडला की तो लॅपटॉपला आपली माहिती पाठवतो. माझं नाव अमुक, माझा पडदा इतका मोठा, मला आवाज घेता येतो, दोन चॅनेलचा, या या वेगाचा. चहापोह्यांच्या आधी बायोडेटा पाठवतात तसं. तांत्रिक भाषेत याला ईडीआयडी म्हणतात. त्यात ‘आवाज घेता येतो’ असं लिहिलेलं असेल तरच लॅपटॉप त्या मॉनिटरला आवाजाच्या यादीत घेतो. डोंबिवलीच्या मॉनिटरच्या बायोडेटात ते वाक्यच नव्हतं. नव्या मॉनिटरच्या बायोडेटात असणारच, कारण त्याला स्पीकर आहेत. मग यादीत नाव नसण्याचं कारण बहुधा लॅपटॉपच्या बाजूला.

लॅपटॉपमध्ये आवाजाची दोन वेगळी खाती असतात हेही तेव्हाच कळलं. अंगच्या स्पीकरचं आणि हेडफोन जॅकचं काम एक चिप बघते, माझ्याकडे ती रिअलटेकची. एचडीएमआयमधून जाणारा आवाज मात्र चित्र काढणाऱ्या ग्राफिक्सच्या भागातून जातो आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो. म्हणून एक मोडलं तरी दुसरं चालू राहतं, आणि म्हणूनच माझ्या मोडक्या जॅकवर हा उपाय लागू पडणार होता.

“आता विंडोजचं बटण आणि `X` दाब, `Device Manager` उघड,” भाचा म्हणाला. त्यात `Sound, video and game controllers` नावाची ओळ आहे, तिच्या डावीकडच्या बाणावर क्लिक केलं. दोन-तीन नावं उघडली. `Intel(R) Display Audio` या नावाच्या चित्रावर खाली तोंड केलेला एक इवलासा बाण होता. चष्मा लावूनही मला तो डाग वाटला. तो बाण म्हणजे ‘हे बंद करून ठेवलं आहे’.

भाचा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, ते मीच बंद केलं होतं.”

मागच्या दिवाळीत त्यानं आमच्या टीव्हीला माझा लॅपटॉप जोडून फराळाच्या वेळी फोटो दाखवले होते. त्यानंतर प्रत्येक वेळी केबल लावली की आवाज टीव्हीकडे पळायचा आणि मी ‘लॅपटॉपचा आवाज गेला’ म्हणून त्याला फोन करायचे. कंटाळून त्यानं दूरून माझ्या लॅपटॉपवर येऊन एचडीएमआयच्या आवाजाचं अख्खं खातंच बंद करून टाकलं. त्या खात्यावर उजवी क्लिक, `Enable device`. यादीत मॉनिटरचं नाव लगेच आलं, कंसात `Intel(R) Display Audio`. (ज्यांच्याकडे एनव्हिडिया किंवा एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांना तिथे `NVIDIA High Definition Audio` किंवा `AMD High Definition Audio Device` दिसेल. तिथे असलं काहीच नाव नसेल, तर आवाजाचा नाही, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाकायचा; हा आवाजाचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात असतो.)

नाव निवडलं. मुलाखत लावली. लॅपटॉप गप्प झाला, ही प्रगती. पण हेडफोनही गप्प.

इथे भाच्यानं दाखवलेली गोष्ट या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची. विंडोजचं बटण आणि `R` एकत्र दाबून छोट्या चौकटीत हे टंकायचं :

```
mmsys.cpl
```

आवाजाची जुनी खिडकी उघडते. तिच्यातल्या `Playback` या पानावर प्रत्येक साधनाच्या उजवीकडे एक उभी पट्टी असते. काही वाजत असेल तर ती हिरवी होऊन खालीवर नाचते. माझ्या मॉनिटरच्या नावासमोरची पट्टी मुलाखतीतल्या आजींच्या बोलण्याबरोबर नाचत होती. त्या थांबल्या की पट्टी खाली, बोलल्या की वर. म्हणजे लॅपटॉपनं आवाज योग्य दिशेला लावला आहे, दोष असलाच तर त्याच्या पुढे. पट्टी निपचित असती आणि दुसऱ्याच कुठल्या नावासमोरची नाचत असती, तर आवाज चुकीच्या दारात गेला असता. कुठलीच नाचली नसती, तर वाजवणाऱ्या ॲपकडे बघायचं. चार दिवस मी अंधारात चाचपडत होते, आणि ही पट्टी पाहून पाच सेकंदांत अर्धं घर झडतीतून सुटलं.

उरला मॉनिटर. १५ तारखेला मी अंदाजानं दाबलेली बटणं आठवली. मॉनिटरच्या मेनूत आवाजाचं पान काढलं तर पातळी शून्य. मीच आणून ठेवलेली. ती ४० केली आणि आजी एकदम कानात बोलायला लागल्या : “...पाण्याला तवा लई लांब जावं लागायचं.” रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी आणि भाचा दोघंही उगाचच हळू आवाजात हसलो.

माझ्यासारखंच ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी : मी बराच वेळ यादीत ‘मॉनिटरचे स्पीकर’ आणि ‘मॉनिटरचा हेडफोन’ अशी दोन नावं शोधत होते. तशी दोन नावं नसतात. लॅपटॉपच्या लेखी मॉनिटर म्हणजे एकच साधन. तो आवाज मॉनिटरच्या दारात टाकतो आणि मोकळा होतो. पुढे स्पीकरला द्यायचा की हेडफोनला, हे मॉनिटर आतल्या आत ठरवतो. माझ्याकडे पिन घातली की स्पीकर बंद होतात, काढली की चालू. मॉनिटरचा मेनू नीट चाळला तर त्यात `Audio Source` असंही एक कलम सापडलं, `HDMI` आणि `Audio In` यांपैकी एक निवडायला. ते `Audio In` वर असतं तर हिरवी पट्टी नाचत राहिली असती आणि मी पुन्हा हेल्पलाइनचं संगीत ऐकत बसले असते.

पातळीही दोन जागी असते, विंडोजमध्ये आणि मॉनिटरमध्ये. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा कॉक आणि घरातला नळ असतो ना, तसं. वरचा बंद असेल तर नळ कितीही सोडा. सुरुवातीला मी विंडोज ३० आणि मॉनिटर ९० ठेवला होता, तेव्हा बोलण्याच्या मागे सतत ‘स्स्स’ असा आवाज यायचा. तो मॉनिटरच्या आतल्या ॲम्प्लिफायरचा. उलटं केलं, विंडोज ९० आणि मॉनिटर २५, तर तो जवळपास गेला. हळू बोलणाऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग टंकताना हा फरक मोठा आहे.

माझ्या जाऊबाई ऑफिसचा मॅक घेऊन आल्या होत्या, त्यांनाही याच मॉनिटरला लावून दिलं. तिथे आवाज आला, पण कीबोर्डवरची आवाजाची बटणं चालेनात. एचडीएमआयच्या साधनांची पातळी मॅक सहसा स्वतः कमी-जास्त करत नाही, मॉनिटरच्याच बटणांनी करावी लागते. त्या ‘हे काय बाई’ म्हणाल्या.

१८ जूनला काम देणाऱ्या संस्थेबरोबर मीटिंग होती. मीटिंग सुरू झाली आणि समोरच्या मॅडमचा आवाज पुन्हा लॅपटॉपच्या स्पीकरमधून! विंडोज दोन पसंत्या लक्षात ठेवतं : एक सगळ्यासाठी, एक बोलण्याच्या ॲपसाठी. `mmsys.cpl` च्या खिडकीत पहिलीवर हिरवी बरोबरची खूण असते आणि दुसरीवर हिरवा फोन. माझा हिरवा फोन अजून `Realtek` वर बसला होता. मॉनिटरच्या नावावर उजवी क्लिक करून `Set as Default Communication Device` केलं. तरी ॲपनं ऐकलं नाही, कारण ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही साधन निवडलेलं होतं. तिथेही बदललं. तोवर मॅडम दोनदा “ऐकू येतंय का?” म्हणून झाल्या होत्या. आता मीटिंगच्या पाच मिनिटं आधी ॲपमधलं टेस्टचं बटण दाबून घेते.

त्याच मीटिंगमध्ये आणखी एक धडा. माझ्या हेडफोनला माइक आहे, पिनवर तीन काळ्या रेघा. मॉनिटरला लावल्यावर ऐकू येतं, माइक मात्र मुका. हे बिघडलेलं नाही. मॉनिटरचं हे भोक फक्त ऐकवण्यासाठी आहे आणि या केबलमधून आवाज लॅपटॉपकडून मॉनिटरकडे जातो, माझं बोलणं उलट दिशेनं परत जात नाही. `Input` च्या यादीत मॉनिटरचं नाव येतच नाही. मी लॅपटॉपचाच माइक निवडला. फक्त त्याचं झाकण मिटून कपाटावर ठेवायचा जो बेत होता तो रद्द झाला.

१९ तारखेच्या दुपारी मुलाखत चालू ठेवूनच कुकर लावायला उठले. एका साक्षीदाराची लांबलचक गोष्ट होती, म्हटलं कानावर पडत राहील. दहा मिनिटांत मॉनिटरचा पडदा झोपला. तो झोपला की लॅपटॉपच्या दृष्टीनं एचडीएमआयची तार निघाल्यासारखीच होते. आवाजाला घर उरलं नाही, म्हणून विंडोजनं तो पुढच्या घरी, म्हणजे लॅपटॉपच्या स्पीकरकडे पाठवला. बाहेरच्या खोलीत एक अनोळखी गृहस्थ मोठ्यानं जमिनीच्या वादाबद्दल बोलू लागले. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, “अगं, बाहेर कोण आलंय, पाणी तरी दे.”

पडदा झोपायची वेळ मी `Settings` मध्ये वाढवून अर्धा तास केली. पण खरा उपाय दुसराच आहे. विंडोज प्रत्येक साधनाची पातळी वेगवेगळी लक्षात ठेवतं. मी एकदा `Realtek` निवडून त्याची पातळी शून्य केली, मग पुन्हा मॉनिटर निवडला. आता आवाज चुकून तिकडे गेला तरी तिथे नळ बंद असतो. मुलाखतीत माणसं खासगी बोलतात, ती चारचौघांत फुटू नयेत ही माझी जबाबदारी असते, त्यामुळे हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पडदा जागा झाला की आवाज आपणहून मॉनिटरकडे परत येतो. कधी माझं प्लेअर जुन्याच जागी अडून बसतं, तेव्हा ते बंद करून पुन्हा उघडते.

एक त्रास मात्र राहिलाय. थोडा वेळ शांतता गेली की पुढच्या वेळी वाजवताना पहिला शब्द गिळला जातो. आवाज येणं थांबलं की मॉनिटर आपला आवाजाचा भाग निजवतो आणि पुन्हा उठायला त्याला अर्धा सेकंद लागतो. ‘नाही गेलो’ मधला ‘नाही’ गेला तर अर्थाचा अनर्थ. म्हणून प्लेअरमध्ये पेडल सोडल्यावर दोन सेकंद मागे जायची सोय लावून ठेवली आहे. गिळायचंच तर आधी ऐकलेलं गिळू दे.

तक्रार मी १८ तारखेलाच ओटीपी देऊन रद्द केली होती, तसा मेसेजही आला होता. तरी २० जूनला सकाळी साडेअकराला, भर पावसात, रेनकोटमधून पाणी गळत इंजिनिअर दारात हजर. त्याच्या यादीत रद्द झाल्याची नोंद पोचली नव्हती आणि त्याला भेटीचा पुरावा लागणार होता. चहा घेत त्यानं मॉनिटरचा समोरून एक फोटो काढला, मागच्या स्टिकरचा एक. मग फोनवरचा फॉर्म भरायला घेतला. ‘बदललेला पार्ट’ : काही नाही. ‘दोषाचं कारण’ मध्ये निवडायला सहा पर्याय होते. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “भाचा लिहिता येईल का?” तो म्हणाला, “मॅडम, ‘सेटिंग’ टाकतो,” आणि मला बोटानं सही करायला फोन पुढे केला.